दुधी काच आणि लाह्या

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. वय ४६. उजवा खांदा चार महिने दुखत होता. फळ्यावर उंच लिहायला हात उचलला की कळ यायची आणि त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. कुणीतरी थेट एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टात खांद्याच्या कंडरेला आलेली सूज दोन ओळींत होती. तिसरी ओळ मात्र ठळक अक्षरांत: दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकात ३ सेंटिमीटरची कूर्चेची गाठ, एनकॉन्ड्रोमा किंवा कॉन्ड्रोसार्कोमा, बायोप्सी करावी. माझ्यासमोर बसल्या तेव्हा सोबत नवरा, भाऊ आणि भाचा होते. भाच्याने फोनवर 'सार्कोमा' शोधून ठेवलं होतं, त्यामुळे आदल्या रात्री घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"डॉक्टर, मुंबईला कधी न्यायचं?" भावाने विचारलं.

"आधी खाली जाऊन खांद्याचा साधा एक्स-रे काढून आणा," मी म्हटलं.

भाऊ माझ्याकडे जरा संशयानेच बघत राहिला. नऊ हजारांच्या तपासणीत जे कळलं नाही ते तीन-चारशे रुपयांच्या फोटोत कसं कळणार, हा त्याचा संशय मला पाठ आहे. पण हाडाच्या गाठींच्या बाबतीत हा क्रम खरोखरच उलटा आहे. एमआरआय पाणी, चरबी आणि मऊ भाग फार सुंदर दाखवतो. हाडातला चुना तो जवळजवळ दाखवतच नाही. आणि या गाठीची ओळख तर चुन्यातच असते.

एक्स-रे आला. दंडाच्या हाडाच्या पोकळीत, खांद्याच्या गोळ्याच्या जरा खाली, ज्वारीच्या लाह्या सांडाव्यात तसे पांढरे ठिपके होते. नीट पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटी कडी किंवा अर्धी कमान. कूर्चा बारीक बारीक गोळ्यांनी वाढते आणि प्रत्येक गोळ्याच्या कडेने चुना धरतो, म्हणून या कड्या दिसतात. अशा कड्या आणि कमानी दिसल्या की गाठ कूर्चेची आहे एवढं नक्की होतं. हाडातला मेलेला तुकडाही कधी असाच पांढरा दिसतो, पण त्याचा चुना कडेने, धुराच्या वळशासारखी नागमोडी रेघ काढून बसतो. आत लाह्या नसतात.

एनकॉन्ड्रोमा म्हणजे हाडाच्या पोकळीत वाढलेली कूर्चेची सौम्य गाठ. ही कूर्चा तिथे आली कशी? लहानपणी हाडं टोकांजवळच्या कूर्चेच्या चकतीतून लांब होतात. वाढ संपली की ती चकती हाडात विरून जाते. जुनी समजूत अशी की त्या कूर्चेची एखादी चिमूट मागे राहते आणि पोकळीत संथपणे वाढते. अलीकडे अशा बऱ्याच गाठींत एका विशिष्ट जनुकात बिघाड सापडला आहे, तेव्हा 'मागे राहिलेली चिमूट' ही गोष्ट अर्धीच असावी. पण गाठ दुर्मीळ नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या एमआरआयमध्ये शंभरात दोन-तीन जणांना ती सापडते. एमआरआय यंत्रं तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्यापासून त्यामुळे आमच्याकडे न दुखणाऱ्या गाठींची रांग लागली आहे.

आता खरा प्रश्न. ही गाठ सौम्य आहे की तिची चुलत बहीण, म्हणजे संथ वाढणारा कूर्चेचा कर्करोग? या दोघींचा चेहरा इतका सारखा असतो की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हातापायांतल्या सर्वात सौम्य प्रकाराला आता कर्करोग म्हणतच नाहीत. त्याला 'अटिपिकल', म्हणजे जराशी वेगळी, कूर्चेची गाठ म्हणतात. हा फरक ओळखायला मी दोनच गोष्टी पाहतो. पहिली, दुखणं गाठीचं आहे का. दुसरी, गाठीने हाडाची भिंत आतून किती कोरली आहे.

पहिलीचं उत्तर फोटोत नसतं, हात लावून बघावं लागतं. बाईंचा हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ यायची, तो टप्पा ओलांडला की कमी व्हायची. हे कंडरेचं दुखणं. हाड जिथे गाठ होती तिथे दाबलं, ठोकलं, तर काही नाही. खात्री करायला खांद्याच्या टोकाखालच्या जागेत भूल देण्याचं साधं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी बाईंनी हात वर केला आणि स्वतःच चकित झाल्या. त्या औषधाने कंडरेभोवतीची जागा बधिर होते, हाडाच्या आतली गाठ होत नाही. म्हणजे चार महिन्यांचं दुखणं गाठीचं नव्हतं. गाठ फक्त त्या फोटोत सापडली होती.

रात्रीच्या दुखण्याबद्दल इथे एक सांगायला हवं, कारण नेटवर 'रात्री दुखलं म्हणजे कॅन्सर' असं सर्रास लिहिलेलं असतं. त्या कुशीवर झोपल्यावर दुखणं आणि कूस बदलल्यावर थांबणं हे खांद्याच्या कंडरेचं नेहमीचं गाऱ्हाणं आहे. कसंही झोपा, हात हलवा न हलवा, आतून खोल ठणकतच राहतं आणि महिन्यागणिक वाढतं, हे दुखणं वेगळं. त्याला मी घाबरतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. मटणाची नळी आडवी फोडलेली आठवा: बाहेर कडक भिंत, आत मगज. एनकॉन्ड्रोमा त्या मगजाच्या जागी असतो. तो भिंतीला टेकला तर चमच्याने खरवडावं तशी उथळ खोबण पडते. तेवढी चालते. पण लांब हाडात ही खोबण भिंतीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशाहून खोल गेली, किंवा गाठीच्या पूर्ण लांबीभर पसरली, तर सावध व्हावं. भिंत फुटून मांसात गोळा आला असेल, किंवा पूर्वी असलेल्या लाह्या एखाद्या भागात पुसल्या जाऊन काळी पोकळी दिसत असेल, तर वाट बघण्याचा प्रश्नच उरत नाही. बर्मिंगहॅमच्या हाडांच्या रुग्णालयाने आखलेली पद्धतही लांबी आणि भिंतीची खरवड या दोन मापांवरच उभी आहे. त्यांनी लांबीची रेघ ४ सेंटिमीटरवर मारली आहे. बाईंची गाठ ३ सेंटिमीटर आणि भिंत जवळजवळ कोरी.

गंमत अशी की हेच नियम बोटाला लावले तर फसगत होते. हाताच्या हाडांत सापडणाऱ्या गाठींमध्ये एनकॉन्ड्रोमा सर्वात जास्त, आणि तिथे तो कमालीचा दांडगट दिसतो. बोटाचं पेर फुगलेलं, भिंत कागदासारखी पातळ, लाह्या फारशा नाहीत, नुसती काळी पोकळी. सूक्ष्मदर्शकाखालीही पेशींची दाटी जास्त. हेच चित्र मांडीच्या हाडात दिसलं असतं तर मी रुग्णाला दुसऱ्याच दिवशी मोठ्या केंद्रात पाठवलं असतं. बोटात मात्र हे सौम्य असतं, आणि लोक सहसा येतात ते हाड मोडल्यावर. क्रिकेटचा चेंडू अडवला, बादली उचलली, बोट वाकडं झालं, एक्स-रेत गाठ दिसली. अशा वेळी बोट पट्टीत बांधून हाड आधी जुळू देणं आणि गाठ नंतर खरवडून पोकळी भरणं हा बरेच जण पत्करतात तो मार्ग. मोडलं नसेल, दुखत नसेल, भिंत बरी असेल, तर बोटालाही हात लावायचं कारण नाही. कमरेच्या हाडात आणि बरगडीत मात्र उलट: तिथली कूर्चेची गाठ छोटी आणि शहाणी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. एकाच माणसात अशा पुष्कळ गाठी असतील, म्हणजे ऑलिये किंवा माफुच्चीचा आजार असेल, तर त्यातली एखादी कधीतरी बिघडण्याचा धोका इतका मोठा असतो की तपासणी आयुष्यभर सोडता येत नाही.

"मग बायोप्सी करून एकदाचं मोकळं का नाही व्हायचं?" हा भावाचा प्रश्न रास्त होता. बायोप्सीची सुई गाठीतला तांदळाएवढा तुकडा आणते. कूर्चेच्या गाठीत एक भाग शांत आणि दुसरा चळलेला असू शकतो. सुई शांत भागात गेली तर खोटा दिलासा मिळतो. आणि सुई बरोबर जागी गेली तरी सौम्य गाठ आणि 'जराशी वेगळी' गाठ यांतला फरक सांगताना अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही. शेवटी तेही विचारतात, एक्स-रे कुठे आहे? म्हणजे फिरून आपण त्याच फोटोपाशी येतो, फक्त मध्ये हाडाला एक भोक पडलेलं असतं.

दुसऱ्या आजाराचा, फायब्रस डिस्प्लेसियाचा, स्वभाव निराळा आहे, पण त्याच्या गोष्टीतही चुकीच्या फोटोची भानगड येतेच. इथे हाडात गाठ अशी उगवत नाही. हाड घडवणाऱ्या पेशीच अर्धवट काम करतात. पक्क्या हाडाऐवजी तंतूंचा चिवट भाग आणि त्यात विखुरलेल्या कच्च्या हाडाच्या काटक्या तयार होतात. निरोगी हाडाच्या एक्स-रेत बारीक रेषांची जाळी दिसते. या काटक्या इतक्या बारीक आणि वाकड्यातिकड्या असतात की फोटोत एकेक अशी दिसतच नाही, सगळ्यांची मिळून धूसर सपाट छटा होते. बाथरूमच्या खिडकीला असते ना, दुधी काच, तशी. भोवती बहुधा जाड पांढरी कड. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही.

लिक्टेनस्टाइन यांनी १९३८मध्ये या आजाराला हे नाव दिलं, पण आजार त्या नावापेक्षा कितीतरी जुना आहे. क्रोएशियातल्या क्रापिना इथे सापडलेल्या, सव्वा लाख वर्षांच्या आसपासच्या एका निअँडरथल फासळीत तो आढळला. २०१३मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा मला फार मौज वाटली, कारण फासळी ही त्याची आजही आवडती जागा आहे. गल्फच्या नोकरीच्या मेडिकलला गेलेला रत्नागिरीकडचा एक पंचविशीतला मुलगा छातीच्या एक्स-रेत फासळीवर डाग निघाला म्हणून माझ्याकडे आला होता. दुखणं नाही, सूज नाही, कडेला पांढरी रेघ, आत दुधी काच. सीटी स्कॅनमध्ये तेच. मी लिहून दिलं: सौम्य, उपचाराची गरज नाही, सहा महिन्यांनी एक एक्स-रे. तो फोटो तसाच आला. इतकंच.

पण हाच आजार मांडीच्या हाडाच्या मानेत, वाढत्या वयात असेल तर नुसतं बघत बसणं हा गुन्हा होतो. नऊ वर्षांची एक मुलगी लंगडत आली. मांडीच्या हाडाची मान त्याच हाडाच्या दांड्याशी निरोगी माणसात साधारण १३० अंशांचा कोन करते. चालताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. कच्चं हाड तो भार पेलत नाही, पुन्हा पुन्हा बारीक भेगा पडतात, पुन्हा पुन्हा कच्चंच हाड भरतं, आणि मान हळूहळू खाली झुकते. पुस्तकात तिला मेंढपाळाच्या काठीची उपमा आहे. आपल्याकडे शेळ्यांना पाला ओढून द्यायला जी आकडी वापरतात, तिचं टोक आठवावं. या मुलीचा कोन १०० अंशांच्या जवळ आला होता.

त्याआधी दीड वर्षापूर्वी कुठेतरी तिच्या हाडातला तो भाग खरवडून कमरेचं हाड आणून भरलं होतं. ऑपरेशननंतरचा फोटो छान होता. मग भरलेलं हाड विरघळलं आणि त्या जागी पुन्हा दुधी काच आली. यात कारागिरीची चूक नव्हती, आजाराची समज चुकली होती. रुग्णाचंच मऊ हाड भरलं की शरीर ते शोषून घेतं आणि तिथले बिघडलेले कारागीर आपलंच कच्चं हाड पुन्हा रचतात. म्हणून इथे गाठ काढण्याचा हट्ट सोडायचा. हाड सरळ करायचं आणि त्याच्या पोकळीतून मानेपर्यंत आधार देणारी सळई घालायची. मुलीचं पुढे तेच झालं.

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती फोटोत नव्हती. पाठीवर चहाच्या रंगाचा मोठा डाग होता, कडा खाडीच्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या. आईला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तिने खाली बघत सांगितलं, की पाचव्या वर्षी मुलीला दोनदा रक्तस्राव झाला होता. हाड, त्वचा आणि लवकर आलेली पाळी हे तिन्ही एकत्र असलं की तो मॅक्यून-ऑलब्राइट सिंड्रोम. मॅक्यून आणि ऑलब्राइट यांनी १९३६-३७च्या सुमारास वेगवेगळे लिहिलेले रुग्ण असेच होते. मग रक्तातला फॉस्फेट तपासावा लागतो, कारण हे बिघडलेलं हाड एक असं द्रव्य सोडतं की मूत्रपिंडं फॉस्फेट बाहेर टाकतात आणि बाकीचं हाडही मऊ पडतं. तिचा कमी होता. तो भरून न काढता नुसती सळई घातली असती तर अर्धंच काम झालं असतं.

आजीने सुनेला ग्रहणाबद्दल विचारून झालं होतं. तिला समोर बसवून मी सांगितलं: गर्भ धरल्यावर, वाढीच्या अगदी सुरुवातीला, एका पेशीतल्या जनुकात हा बिघाड होतो. त्या पेशीपासून जो जो भाग बनतो तिथे आजार, बाकी ठिकाणी नाही. आईबापांकडून तो आलेला नसतो आणि मुलीच्या मुलांकडे जाणारही नाही. आजीला कितपत पटलं माहीत नाही, पण पुढच्या खेपेला मुलीला घेऊन ती स्वतः आली.

कवटीचा आजार हा चुकीच्या फोटोचा सर्वात मोठा बळी. डोकेदुखीसाठी मेंदूचा एमआरआय होतो, कवटीच्या तळाशी फायब्रस डिस्प्लेसिया असतो, आणि एमआरआयमध्ये तो काहीही रंग घेतो. शिरेतून दिलेलं औषध शोषून उजळतोसुद्धा. रिपोर्टात 'ट्यूमर' येतं आणि माणूस न्यूरोसर्जनच्या दारात उभा राहतो. त्याच जागेचा सीटी केला की दुधी काच दिसते आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. डोळ्याची नस जिथून जाते ते बोगदं या हाडाने वेढलेलं दिसलं तरी दृष्टी चांगली असेल तर ते मोकळं करायची घाई करत नाहीत, कारण शस्त्रक्रियेनेच नस दुखावू शकते. ठरावीक काळाने डोळ्यांची तपासणी करायची आणि नजर बिघडू लागली तर मात्र थांबायचं नाही.

फायब्रस डिस्प्लेसियाचा कर्करोग होतो का? होतो, पण शंभरात एकापेक्षाही कमी जणांत. पूर्वी या डागांना किरणोपचार देत, त्यांच्यात तो जास्त झाला. म्हणून आता देत नाहीत. वर्षानुवर्षं शांत असलेली जागा अचानक दुखू लागली, सुजली, आणि फोटोत पांढरी कड एका बाजूने खाल्लेली दिसली, तर नव्याने सगळं तपासायचं, बायोप्सीसकट. प्रौढ वयात एकाच हाडात, भार न घेणाऱ्या जागी, न दुखणारा डाग असेल तर दोन-तीन फोटोंनंतर मी रुग्णाला मोकळं करतो. मूल असेल तर वाढ संपेपर्यंत सोडत नाही, कारण डाग वाढतो तो बहुतेक याच वर्षांत.

शाळेच्या बाईंकडे परत येतो. पहिल्या दिवशी जाताना मी त्यांना म्हटलं होतं, त्या बाजूचा कुठलाही जुना फोटो असेल तर शोधा, छातीचा असला तरी चालेल. आठ दिवसांनी नवरा माळ्यावरून धूळ झटकत एक पिवळं पाकीट घेऊन आला. सात वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हाचा छातीचा एक्स-रे. फोटो फुप्फुसांचा, पण उजव्या कोपऱ्यात दंडाच्या हाडाचं वरचं टोक आलं होतं, आणि त्यात त्याच लाह्या. दोन्ही फोटो प्रकाशाच्या पेटीवर शेजारी लावले. त्याच जागी, तेवढ्याच पसाऱ्यात, भिंत तशीच. छातीच्या फोटोतलं माप खांद्याच्या फोटोशी मिलिमीटरने जुळवता येत नाही, पण सात वर्षांत वाढलेला कर्करोग असा दिसत नाही. भाचा बराच वेळ दोन्हींकडे बघत होता. बायोप्सी झाली नाही. खांद्याला व्यायाम दिले, तीन महिन्यांत बाई फळ्यावर वरपासून लिहू लागल्या. वर्षाने एक एक्स-रे काढला, तो तसाच होता. पुढचा तीन वर्षांनी, आणि मधे ते खोल ठणकणं सुरू झालं तर लगेच.

त्यांच्या माळ्यावर तो फोटो होता म्हणून. बहुतेकांच्या घरी नसतो. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, भंगारवाला ती आनंदाने नेतो. फोनवर काढून ठेवलेल्या फिल्मच्या फोटोत भिंतीवरची उथळ खोबण दिसत नाही आणि मापही घेता येत नाही. तेव्हा छातीची असो की गुडघ्याची, जुनी फिल्म विकू नका, घडी घालू नका. नव्या यंत्रावर फोटो काढला असेल तर त्याची सीडी मागून घ्या. पाकिटावर तारीख लिहा, आणि डॉक्टरकडे जाताना नव्या रिपोर्टाच्या आधी ते पाकीट पुढे करा.